रेझ्युमेतली एक ओळ आणि तीन रेफरन्स

माझ्या टीममध्ये एक जागा भरायची होती. काम ग्राहकांच्या बिलांची सिस्टीम चालती ठेवण्याचं. नवे दर आले की ते सिस्टीममध्ये चढवायचे, ते नीट लागू झालेत का पाहायचं आणि चुकीची बिलं निघायला लागली तर ती थांबवायची. बिलं मध्यरात्री निघतात, त्यामुळे काही बिघडलं तर विचारायला त्या वेळी सहसा कोणी जागं नसतं. मुलाखती उरकून दोन उमेदवार उरले होते आणि रेफरन्स चेक बाकी होता.

हे काम एरवी एचआर करतं. ते एक फॉर्म पाठवतात: कालावधी बरोबर आहे का, वागणूक कशी होती, पुन्हा नोकरीवर घ्याल का. फॉर्म भरून येतो, सगळीकडे ‘उत्तम’ असतं, तो फाइलला लागतो. यात एचआरचा दोष नाही. रेफरन्स उमेदवारानेच दिलेले असतात, म्हणजे चांगलं बोलणारी माणसंच निवडलेली असतात. स्तुती येणार हे धरूनच चालायचं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली भरतीच्या वेगवेगळ्या पद्धतींवरचं आधीचं संशोधन एकत्र करून मांडलं, त्यात रेफरन्स चेक आणि पुढे दिसणारी कामगिरी यांचा सहसंबंध ०.२६ होता आणि ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा ०.५१. म्हणून ‘दोघांपैकी जास्त चांगलं कोण’ हे मी रेफरन्सना विचारत नाही. रेझ्युमेत जे लिहिलंय ते कोणत्या परिस्थितीत खरं होतं, एवढंच मला त्यांच्याकडून हवं असतं. त्यासाठी फॉर्म उपयोगाचा नाही, फोन करावा लागतो. एचआरला सांगून, दोन्ही उमेदवारांची लेखी परवानगी घेऊन, फोन मी माझ्याकडे घेतले.

दोघांपैकी जिचं प्रकरण सांगण्यासारखं आहे, तिच्याबद्दलच लिहिते. तिच्या रेझ्युमेतली मधली ओळ अशी होती: ‘पाच जणांच्या टीमचं नेतृत्व करत बिलिंग सिस्टीमचं स्थलांतर स्वतंत्रपणे पूर्ण केलं, बिलांच्या तक्रारी ४० टक्क्यांनी कमी केल्या.’ बाकीचा रेझ्युमे मी जवळजवळ सोडून दिला. आमच्या कामाशी थेट नातं या एका ओळीचंच होतं, आणि तिच्यात तीन दावे होते: पाच जण, स्वतंत्रपणे, ४० टक्के.

फोन लावण्याआधी मी कागदावर एक उभा-आडवा तक्ता काढते. उभे तीन दावे, आडवी तीन माणसं. तिने रेफरन्स म्हणून दिले होते आधीचे मॅनेजर, हिशेब विभागातल्या एक बाई आणि तिच्या हाताखाली काम केलेला एक मुलगा. प्रत्येक चौकटीत मी लिहिते की या माणसाला ही गोष्ट कुठून दिसली असेल. काम कोणाला सोपवलं आणि कोण कोणाला रिपोर्ट करायचं, हे मॅनेजरना नक्की माहीत असणार. पण दुपारी तीन वाजता टीममध्ये कोणाचं कोणाशी वाजलं, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलं असेलच असं नाही. ते त्या मुलाला माहीत. तक्रारी खरंच कमी झाल्या का, हे सांगायला हिशेब विभागाइतकी चांगली जागा नाही, कारण चुकीच्या बिलाचा ताप शेवटी त्यांच्या टेबलावर येतो. पण सिस्टीम कोणी उभी केली, हे त्यांना ऐकूनच माहीत.

हा तक्ता नसेल तर दोन माणसांच्या उत्तरांत फरक दिसला की लगेच कोणीतरी थापा मारतंय असं वाटतं. बऱ्याचदा फरक एवढाच असतो की दोघं वेगळ्या खुर्चीवर बसलेले होते. कोणत्या चौकटीत फरक येणं साहजिक आहे हे आधी लिहून ठेवलं की ज्या चौकटीत तो यायला नको होता, तिथला डोळ्यात भरतो.

दुसरी तयारी मुलाखतीतच झाली होती. शेवटी मी तिला ती ओळ दाखवून विचारलं, ‘याबद्दल तुमच्या आधीच्या सरांना विचारलं तर ते काय सांगतील?’ हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. आपण पुढे खरोखर विचारणार आहोत हे समोरच्याला माहीत असतं, त्यामुळे उत्तर रेझ्युमेपेक्षा जमिनीला जास्त धरून असतं. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, ‘सर म्हणतील काम चोख झालं. आणि बहुतेक हेही म्हणतील की ही जरा जास्त विचारते.’ मी शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. ‘स्वतंत्रपणे’ आणि ‘जास्त विचारते’ एकाच माणसाच्या तोंडून आले होते, पण त्यावर तेव्हा काही बोलले नाही.

पहिला फोन मॅनेजरना. वेळ आधी ठरवली होती, ते मोकळेपणाने बोलणारे निघाले. इथे एक पथ्य मी कटाक्षाने पाळते: रेझ्युमेतली ओळ वाचून दाखवायची नाही. ‘त्यांनी पाच जणांची टीम सांभाळली ना?’ असं विचारलं की पलीकडून ‘हो हो’ येतं, कारण भल्या माणसाला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नसतो आणि पाच की तीन हे त्याला त्या क्षणी आठवतही नसतं. मी विचारलं, ‘ते स्थलांतराचं काम चाललं होतं तेव्हा त्यात कोण कोण होतं? कोण कोणाकडे जायचं?’

ते आठवून आठवून सांगायला लागले. दोघं तिला रिपोर्ट करायचे. एक माणूस डेटाबेसच्या टीममधून घेतलेला, एक टेस्टिंगमधून आणि एक ग्राहकसेवेतला, अर्धवेळ. ‘म्हणजे तिची टीम दोघांचीच,’ ते म्हणाले, ‘बाकीचे उसने आणलेले.’

माझ्या तक्त्यात पहिला फरक पडला: रेझ्युमेत पाच, मॅनेजरच्या हिशेबाने दोन. घाईत असलेला माणूस इथेच लाल शेरा मारतो. मी मात्र पुढचा प्रश्न विचारला, की हे उसने आणलेले तिघं काम कोणाच्या सांगण्यावरून करायचे. ‘तिच्याच,’ ते म्हणाले. ‘त्यांचे साहेब वेगळे, त्यांची कामं वेगळी, पण ती कशी कोण जाणे त्यांना बसवून घ्यायची. टेस्टिंगवाल्याची तर त्याच्या साहेबाशी वेगळी सोय लावून घेतली होती तिने.’ आमच्या जागेवरच्या माणसाच्या हाताखाली कागदोपत्री एकच जण असणार होता. बाकी सगळी कामं दुसऱ्या विभागांकडून, कसलाही अधिकार हाती नसताना करून घ्यायची होती. म्हणजे तिने ‘पाच जणांच्या टीमचं नेतृत्व’ असं ढोबळ लिहून स्वतःच्या जमेची सगळ्यात चांगली बाजू झाकून टाकली होती. ‘दोन हाताखालचे आणि तीन इतर विभागांतले’ असं लिहिलं असतं तर मॅनेजरचं उत्तर तंतोतंत जुळलं असतं, आणि माझ्यासाठी ती ओळ जास्त वजनदार ठरली असती.

मग मी विचारलं, ‘रोजचं काम कसं चालायचं? तुमची-त्यांची गाठ कधी पडायची?’ ते सहज म्हणाले, ‘रोज सकाळी. पंधरा मिनिटं. ती यादी घेऊन यायची, मी हो-नाही सांगायचो, ती जायची.’ मी लिहून घेतलं. पुढचा प्रश्न माझा ठरलेला आहे: ‘तिने स्वतः घेतलेला आणि नंतर बदलावा लागलेला एखादा निर्णय सांगता का?’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘नाही बुवा आठवत. तिचं काही मागे घ्यावं लागलंय असं झालंच नाही.’ हे ते कौतुकानेच सांगत होते.

हा प्रश्न मी ‘त्यांच्यात काय कमी आहे?’ याऐवजी विचारते. कमतरता विचारली की ‘जरा जास्तच मेहनत करतात’ असलं काहीतरी पदरात पडतं. बदललेला निर्णय विचारला की सांगणाऱ्याला एखादा प्रसंग आठवावा लागतो आणि त्या प्रसंगात माणूस दिसतो. कधी प्रसंगच आठवत नाही, तेव्हा तो का नाही याचा विचार करावा लागतो.

दुसरा फोन हिशेब विभागातल्या बाईंना. त्या नेमकं बोलणाऱ्या. ‘नवी सिस्टीम आल्यावर तुमच्या कामात काय फरक पडला?’ असं विचारल्यावर म्हणाल्या, ‘तक्रारी कमी झाल्या. साधारण पाव हिश्श्याने.’ रेझ्युमेत ४० टक्के होते. मी ‘पाव म्हणजे कशाच्या तुलनेत?’ असं विचारलं आणि त्यांनी तिथल्या तिथे हिशेब सांगितला. बदलाआधीच्या चार तिमाहींत तक्रारी होत्या ३४०, ३६०, ४०० आणि ५००. बदलानंतरच्या तिमाहीत ३००. शेवटच्या ५०० शी तुलना केली तर घट ४० टक्के. चार तिमाहींची सरासरी ४००, तिच्याशी तुलना केली तर २५. ‘त्या पाचशेच्या तिमाहीत दर बदलले होते,’ बाई म्हणाल्या, ‘तेव्हा तक्रारी वाढणारच. ती मोजायची नसते.’

दोन्ही आकडे खरे. मुलाखतीत तिने ४० हा आकडा ‘आधीच्या तिमाहीच्या तुलनेत’ असा सांगितला होता, ते माझ्या टिपणात होतं. रेझ्युमेत ते तीन शब्द गळले होते. रेझ्युमेतले टक्के आणि रेफरन्सच्या तोंडचे टक्के जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा पाया वेगळा असतो: कशाशी तुलना, कोणत्या काळात, कोणी मोजलं. पाया विचारल्यावर उमेदवाराला तो सांगता येतो का, यावर माझा भरवसा ठरतो. आकडा जिथून आला ती जागाच सांगता येत नसेल तर तो आकडा दुसऱ्याच्या प्रेझेंटेशनमधून उचललेला असतो. तिला सांगता आला होता. वाईट तिमाही पाया म्हणून धरणं याला मी हातचलाखी म्हणणार नाही, पण हिशेबाच्या कामाला माणूस घेताना मनात एक खूण मात्र केली.

जाता जाता बाई म्हणाल्या, ‘तिच्याकडून आलेलं उत्तर कधी फिरलं नाही. उशिरा यायचं, पण फिरायचं नाही.’

तिसरा फोन हाताखालच्या मुलाला. हाताखालची माणसं रेफरन्स म्हणून फार कमी लोक देतात. तिने दिला, हे मला आवडलं होतं. तो सुरुवातीला अवघडून ‘मॅडम खूप चांगल्या’ एवढंच म्हणत होता. म्हटलं, ‘एखाद्या दिवशी काम अडलं आणि तू त्यांच्याकडे गेलास, असं एक उदाहरण सांग.’ मग तो मोकळा झाला. म्हणाला, ‘एकदा दराचं एक कोष्टक दोन प्रकारे लागू होत होतं. मी विचारलं कुठलं धरू. मॅडम म्हणाल्या, उद्या सांगते. आणि उद्या खरंच सांगितलं, कारणासकट, लिहून.’ त्या दिवशी त्याने काय केलं, असं विचारल्यावर हसून म्हणाला, ‘दुसरं काम केलं. मॅडमच्या हाताखाली दुसरं काम तयार ठेवावं लागतं.’

तक्ता भरल्यावर चित्र असं होतं. पाच आणि दोन हा वरवर मोठा दिसणारा फरक तिच्या फायद्याचा निघाला. ४० आणि २५ चा उलगडा झाला. आणि जिथे तिघांची उत्तरं एकमेकांशी छान जुळत होती, तिथेच माझी अडचण होती. सकाळची पंधरा मिनिटं, ‘उशिरा पण न फिरणारं’ उत्तर, ‘उद्या सांगते’: तीन खुर्च्यांवरून एकच माणूस दिसत होता. काळजीपूर्वक काम करणारा, विचारून पाऊल टाकणारा. रेझ्युमेतल्या ‘स्वतंत्रपणे’शी हे जुळत नव्हतं. आणि आमच्याकडे रात्री दीड वाजता अर्धवट माहितीवर बिलं थांबवायची की जाऊ द्यायची हे ठरवावं लागतं. तिथे ‘उद्या’ नसतो. थांबवली आणि बिलं बरोबर असली तर एका दिवसाची वसुली लांबते. जाऊ दिली आणि चूक असली तर हजारो ग्राहकांना चुकीचं बिल.

अशा वेळी ‘शब्द फुगवलाय’ म्हणून फाइल बंद करणं सगळ्यात सोपं. पण ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द रेझ्युमेत इतका घासून गुळगुळीत झालाय की त्यावरून खोटेपणा ठरवायचा तर कोणालाच नोकरी मिळायची नाही. मला ठरवायचं होतं ते दुसरंच. ती विचारून काम करत होती ते तिचा पिंड तसा म्हणून, की तिथली पद्धत तशी म्हणून? पिंड असेल तर तो आमच्याकडेही येणार. पद्धत असेल तर ती तिथेच राहणार. रेफरन्स तिला एकाच पद्धतीत पाहिलेले होते, त्यामुळे त्यांच्या आत्तापर्यंतच्या उत्तरांतून हे निघणं शक्य नव्हतं.

म्हणून तिच्याकडे परत गेले. इथे कोण काय म्हणालं हे सांगायचं नाही. रेफरन्सनी विश्वासाने सांगितलेलं असतं, आणि एकदा ते बाहेर पडलं की पुढच्या वेळी तो माणूस ‘उत्तम, उत्तम’ एवढंच बोलतो. मी विषय तिच्याच शब्दांतून काढला: ‘तुम्ही म्हणाला होतात की सर म्हणतील ही जास्त विचारते. कशाबद्दल विचारायचात?’ ती म्हणाली, बिलांच्या रकमेवर परिणाम होईल असा कोणताही बदल मॅनेजरच्या सहीशिवाय करायचा नाही, असा तिथे नियमच होता. मग मी उलट बाजूने विचारलं, ‘ज्याला सही लागत नव्हती असं काय तुम्ही ठरवलंत?’ तिने सांगितलं की कोणत्या गटातल्या ग्राहकांना नव्या सिस्टीमवर आधी आणायचं तो क्रम तिने ठरवला. आधी छोटे आणि साधे दर असलेले, शेवटी खास करार असलेले. मध्येच एका गटात गोंधळ दिसला तेव्हा तो गट तिने त्याच संध्याकाळी जुन्या सिस्टीमवर परत नेला आणि क्रम बदलला.

म्हणजे फिरवलेला निर्णय होता, फक्त मॅनेजरना आठवला नव्हता. किंवा घडलाच नव्हता. दोन्ही शक्यता होत्या, म्हणून मॅनेजरना पुन्हा एक छोटा फोन केला. तो प्रसंग मी सांगितला नाही. फक्त विचारलं, ‘ग्राहकांचे गट कोणत्या क्रमाने आणले, ते कोणी ठरवलं?’ ते म्हणाले, ‘क्रम तिचाच. मध्ये एकदा बदललाही होता वाटतं, एक गट मागे घेतला होता. मला दुसऱ्या दिवशी सकाळच्या पंधरा मिनिटांत कळलं.’ गट, मागे घेणं, दुसऱ्या दिवशी कळणं. शब्द वेगळे, बाजू वेगळी, प्रसंग एक.

रेझ्युमे आणि रेफरन्स जुळणं म्हणतात ते मला असं दिसलं की पटतं. वाक्यं सारखी असणं म्हणजे जुळणं नव्हे. दुसऱ्या उमेदवाराच्या बाबतीत उलट झालं होतं. त्याच्या दोन रेफरन्सनी एकाच क्रमाने तेच तीन गुण सांगितले, रेझ्युमेतल्याच शब्दांत. उमेदवाराने आपला रेझ्युमे रेफरन्सना आधी पाठवून ठेवणं यात गैर काही नाही, उलट पाठवावाच, बिचाऱ्यांना जुनं काम आठवायला मदत होते. पण त्या वाक्यांच्या बाहेरचं काही विचारलं, उदाहरणार्थ ते काम कोणत्या महिन्यात अडकलं होतं, की दोघंही पुन्हा त्याच तीन गुणांकडे वळायचे. वाईट काही निघालं नाही, कामाचं काहीच निघालं नाही. त्याच्या एका जुन्या कंपनीने तर फक्त हुद्दा आणि तारखा कळवल्या. बऱ्याच कंपन्यांचं धोरणच तसं असतं, त्यावरून उमेदवाराबद्दल काही अनुमान काढणं अन्यायाचं. त्या हुद्द्यातही ‘सीनियर’ नव्हतं, रेझ्युमेत होतं. चौकशी केल्यावर कळलं की पगाराच्या नोंदीत श्रेणी लिहितात आणि व्हिजिटिंग कार्डावर हुद्दा. हे प्रकरण तिथेच मिटलं. तसंच कंत्राटावर काम केलेल्यांचं होतं: बसायचं एका कंपनीत, पगार दुसरीचा, आणि पडताळणीत ‘या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हता’ असं उत्तर. अशा कागदी फरकांना एका ईमेलने उत्तर मिळतं आणि त्यांचा जागेला माणूस योग्य आहे की नाही याच्याशी काडीचा संबंध नसतो. तारीख वर्षाऐवजी महिन्यासकट लिहिली आणि पगार देणाऱ्या कंपनीचं नाव कंसात टाकलं तर तो ईमेलही लागत नाही.

माझ्या साहेबांनी एक सुचवलं, ते इथे सांगून टाकते. तिच्या सध्याच्या ऑफिसात त्यांच्या ओळखीचं कोणी होतं. ‘सहज विचारून बघू का?’ मी नको म्हटलं. तिने न दिलेल्या माणसाला, तेही ती अजून काम करत असलेल्या ठिकाणी, फोन करणं म्हणजे आमच्या उत्सुकतेपायी तिची आहे ती नोकरी धोक्यात घालणं. शिवाय अशा वाटेने आलेलं उत्तर तिच्यासमोर ठेवता येत नाही, म्हणजे तिला खुलासा करता येत नाही. खुलासा मागता येणार नाही असा फरक कळून करायचं काय? गट मागे घेतल्याची गोष्ट कळली ती तिच्याकडे परत जाता आलं म्हणूनच.

आता हिशेब असा होता. ज्याला सही लागत नव्हती तिथे ती स्वतः ठरवत होती, आणि चुकलं तर त्याच दिवशी मागे फिरत होती. पण ते मागे फिरता येण्याजोगं काम होतं. पैशांचा, न फिरणारा निर्णय तिने एकटीने कधी घेतलेला नव्हता, कारण तिला तो घेऊच दिला नव्हता. हिशेब विभागातल्या बाईंचं ‘उशिरा पण न फिरणारं’ हे त्याच सहीच्या नियमातून आलेलं असणार. मुलाच्या ‘उद्या सांगते’बद्दल मात्र माझं समाधान झालं नाही. कोष्टक कुठलं धरायचं याचा चाचणीतला निर्णय सहीशिवाय घेता आला असता. तिथे थोडा पिंडही होता.

साहेबांना मी हे असंच लिहून दिलं, दोन परिच्छेदांत, रेफरन्सची नावं न घालता, आणि तिला घ्यावं असं सुचवलं. सोबत एक अट: पहिल्या काही महिन्यांसाठी निर्णयांची वाटणी कागदावर हवी. बिलं थांबवण्याचा निर्णय तिचा, कोणालाही न विचारता, कारण थांबवलेलं पुन्हा सुरू करता येतं. थांबवलेली बिलं सोडण्याचा किंवा गेलेली बिलं रद्द करण्याचा निर्णय रात्री घ्यायचा नाही, मला उठवायचं. जागा ‘स्वतंत्रपणे’ या एका शब्दावर सोडून दिली असती तर तिने पहिल्याच रात्री मला फोन केला असता आणि मी वैतागले असते, किंवा तिने केला नसता आणि दोघी अडचणीत आलो असतो.

ऑफर देण्याआधी तिने मला एक विचारलं, जे फार कमी उमेदवार विचारतात. ‘तुमच्या टीममधल्या कोणाशी बोलता येईल का?’ मी दोघांचे नंबर दिले आणि त्यांना सांगितलं की जे आहे ते सांगा. आमच्या जाहिरातीत ‘कामाची पूर्ण मोकळीक’ अशी ओळ आहे, एचआर ती प्रत्येक जागेच्या जाहिरातीत टाकतं. तिने माझ्या माणसांना मोकळीक आहे का असं विचारलंच नाही. तिने विचारलं, ‘नवीन असताना मॅडम दिवसातून किती वेळा येऊन बघायच्या?’ एकाने सांगितलं, दोनदा, सकाळी आणि जाताना, पहिला महिनाभर तरी. दुसऱ्याने सांगितलं की शुक्रवारी दुपारी तिसऱ्यांदाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ‘जाहिरातीत मोकळीक आहे आणि टीम म्हणते दोनदा विचारणा असते. दोन्हींत खरं काय?’ म्हटलं, दोनदा हेच खरं, आणि शुक्रवारचंही खरं. ‘मग बरं,’ ती म्हणाली. ‘मला ते चालेल. फक्त रात्रीच्या वाटणीच्या कागदावर हेही लिहून घ्या, की एक महिन्यानंतर ते एकदावर येईल.’ मी ते कागदावर घातलं, खाली दोघींच्या सह्या झाल्या आणि तो कागद एचआरने ऑफर लेटरला जोडून पाठवला.